एकच काळा सूर्यपक्षी, प्रत्येक फोटोत वेगळे नाव: चोचीच्या मापावरून ओळख कशी पक्की करावी

बाल्कनीतल्या जास्वंदीवर एक लहानसा, काळपट, बाकदार चोचीचा पक्षी रोज येतो, त्याचे फोटोही मिळतात, पण एका फोटोवरून तो जांभळा सूर्यपक्षी ठरतो, दुसऱ्यावरून लोटेनचा सूर्यपक्षी, आणि तिसरा फोटो पाहून कोणी तरी तो फुलटोच्या असल्याचे सांगते. फोंडा, डिचोली, म्हापसा, पणजी अशा ठिकाणी इमारतींत राहणाऱ्या पक्षिप्रेमींकडून ही अडचण वारंवार ऐकू येते. कुळागरे आणि परसबागा इमारतींना लागूनच असल्यामुळे आपल्याकडे सूर्यपक्ष्यांच्या अनेक जाती एकाच कुंडीवर येऊ शकतात. यातील सर्वांत जास्त गोंधळ ज्या जोडीमुळे होतो, त्या जांभळ्या आणि लोटेनच्या सूर्यपक्ष्यापुरतेच हे लेखन मर्यादित ठेवले आहे.

ही जोडी गोंधळात टाकते याचे कारण सरळ आहे. विणीच्या हंगामातील जांभळा नर आणि लोटेनचा नर हे दोघेही दुरून पूर्ण काळे दिसतात, दोघेही उन्हात आल्यावर निळ्या-जांभळ्या-हिरव्या रंगांत चमकतात आणि दोघांची चोच खाली वळलेली असते. आकाराने जांभळा सुमारे 10 सेंमी, तर लोटेनचा 12 ते 13 सेंमी भरतो, आणि त्या फरकाचा काही भाग शरीराचा नसून चोचीचाच असतो. हाताच्या अंतरावर दोन्ही पक्षी शेजारी बसले तर फरक ताबडतोब कळेल, परंतु फोटोत एकच पक्षी असतो आणि त्याच्या शेजारी तुलनेला काहीच नसते.

पक्षी सूर्यपक्षीच आहे याची आधी खात्री

हा टप्पा थोडक्यात उरकता येतो. फुलटोच्याची चोच आखूड असते, डोक्याच्या लांबीपेक्षा कमीच, आणि आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या फुलटोच्याची चोच फिकट गुलाबीसर असते. सूर्यपक्ष्याची चोच काळी, बारीक आणि टोकापर्यंत निमुळती असते. शिंपी पक्ष्याची चोच अणकुचीदार पण जवळपास सरळ असते, आणि त्याची उभारलेली शेपटी फोटोत सहसा लपत नाही. वेडा राघू लांब चोचीचा असला तरी तो आकाराने बराच मोठा असतो आणि फुलातील मधासाठी कधीच येत नाही. लांब, काळी, खाली वळलेली चोच आणि जास्वंदीच्या फुलाशी थेट व्यवहार, एवढे जुळले की पुढे जावे.

येथे एक मोठा अपवाद लक्षात ठेवावा लागतो. पक्षी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसला असेल, तर लांब चोचही एखाद्या ठिपक्याएवढी आखूड दिसते. फुलटोच्या ही चुकीची ओळख बहुतेक वेळा अशाच समोरून काढलेल्या फोटोमुळे निघते.

रंगावर किती विसंबावे

सूर्यपक्ष्याच्या अंगावरील रंग दोन प्रकारचे असतात, आणि फोटो वाचताना हा भेद माहीत असणे अत्यंत आवश्यक आहे. पोटाचा पिवळा किंवा तपकिरी रंग हा पिसांतील रंगद्रव्याचा रंग आहे. तो कोणत्याही कोनातून पाहिला तरी साधारण तोच राहतो. डोक्यावरची आणि छातीवरची धातूसारखी झळाळी मात्र रंगद्रव्याच्या नुसत्या असण्याने येत नाही. पिसांच्या अगदी सूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चकत्या थरांनी रचलेल्या असतात, त्या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात आणि कोनानुसार कधी निळा, कधी हिरवा, कधी जांभळा रंग डोळ्यांपर्यंत पोहोचतो. प्रकाश पक्ष्याच्या मागून येत असेल, तर परतणारे किरण आपल्याकडे येतच नाहीत आणि तोच पक्षी कोळशासारखा काळा दिसतो.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की फोटोत झळाळी जांभळी दिसली म्हणून पक्षी जांभळा सूर्यपक्षी ठरत नाही आणि हिरवी दिसली म्हणून लोटेनचाही ठरत नाही. एकाच मिनिटात काढलेल्या दोन फोटोंमध्ये एकाच पक्ष्याच्या गळ्याचा रंग बदललेला दिसतो, तो याचमुळे. छातीवरच्या गडद तांबड्या पट्ट्याचेही तसेच आहे. लोटेनच्या नराला तो स्पष्ट असतो, परंतु चांगल्या उजेडात जांभळ्या नराच्या छातीवरही असा अरुंद पट्टा दिसू शकतो. त्यामुळे केवळ पट्टा दिसला म्हणून निकाल देऊ नये.

रंगांपैकी उपयोगी पडतो तो पोटाचा रंग. विणीच्या पिसाऱ्यातील जांभळ्या नराचे पोट छातीइतकेच निळसर काळे असते, म्हणजे छाती कोठे संपली आणि पोट कोठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. लोटेनच्या नराचे पोट मळकट तपकिरी असते आणि छातीच्या पट्ट्याखाली रंग बदललेला दिसतो. मूळ फोटोत हा फरक बहुधा अंधारात बुडालेला असतो, म्हणून फोनमधील संपादनात एक्स्पोजर हळूहळू वाढवून पाहावे. आकाश पांढरे पडले तरी चालेल. आपल्याला छाती आणि पोट यांमध्ये सीमा आहे की नाही एवढेच पाहायचे आहे. मात्र रंगाची छटा बदलणारी तयार फिल्टरे लावू नयेत, कारण त्यांनी काळ्या भागावर सहज तपकिरी झाक येते. फोटो काढतानाच पडद्यावर पक्ष्यावर बोट टेकवून उजेड वाढवून घेतला, तर नंतरची ही धडपड बरीच कमी होते.

पावसाळा संपल्यानंतर साधारण डिसेंबरपर्यंत आणखी एक रूप दिसते. या काळात जांभळे नर बरेचदा विणीचा पिसारा टाकून मादीसारखे होतात: वरून मातकट, खालून पिवळसर, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एकच काळी रेघ. पिवळ्या अंगावरच्या या काळ्या रेघेमुळे अनेकांना तो तिसराच पक्षी वाटतो.

चोच आणि डोके यांचे प्रमाण

रंग असा फसवा असल्यामुळे या जोडीत खरा भरवसा चोचीवर ठेवावा लागतो. जांभळ्या सूर्यपक्ष्याची चोच डोक्याच्या लांबीएवढी किंवा तिच्यापेक्षा थोडी जास्त असते आणि तिचा बाक सौम्य असतो. लोटेनच्या नराची चोच डोक्याच्या दीडपटीहून लांब असते आणि विळ्यासारखी वळलेली दिसते. डोळ्यांनी अंदाज करण्याऐवजी हे प्रमाण मोजून काढावे, आणि त्यासाठी विशेष साधनाची गरज नाही. फोटो संगणकाच्या पडद्यावर मोठा करून शाळेतील साधी पट्टी पडद्यावर धरली तरी पुरते.

चोच मोजताना पिसे जेथे संपतात, तेथून चोचीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत अंतर घ्यावे, बाकाच्या वळणावरून नव्हे. डोके मोजताना चोचीच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंत, जेथे मानेचा खळगा सुरू होतो, तेथपर्यंतचे अंतर घ्यावे. पहिल्या मापाला दुसऱ्याने भागले की प्रमाण मिळते, आणि फोटो किती मोठा केला होता याचा त्यावर काहीच परिणाम होत नाही.

येथे सर्वांत उपयोगी गोष्ट ही, की डोके वळल्यामुळे होणारी चूक नेहमी एकाच बाजूची असते. पक्षी कॅमेऱ्याकडे किंवा कॅमेऱ्यापासून दूर वळला की चोच आखूड दिसते, डोके मात्र गोलसर असल्याने फारसे लहान होत नाही. म्हणजे प्रमाण घटते, वाढत नाही. त्यामुळे एकाच पक्ष्याच्या अनेक फोटोंतून सरासरी काढू नये, सर्वांत मोठे प्रमाण धरावे. चार फोटोंत प्रमाण 1.1 आले आणि पाचव्यात 1.7 आले, तर तो पाचवा फोटोच खऱ्या आकाराच्या जवळचा आहे, फक्त त्या फोटोत चोच खोटी लांब झालेली नाही, हे तपासले पाहिजे.

चोच खोटी लांब होण्याची कारणे थोडीच आहेत, पण ती जास्वंदीवर नेमकी भेटतात. मध पिताना सूर्यपक्ष्याची जीभ चोचीच्या टोकाबाहेर येते आणि फोटोत ती दोऱ्यासारखी बारीक रेघ म्हणून उमटते. जास्वंदीच्या मधोमध बाहेर आलेला दांडा चोचीच्या रेषेत आला, तर दोन्ही एकच वाटतात. आणि पक्षी हलल्यामुळे चोचीचे टोक फराट्यासारखे पसरते. फोटो मोठा केल्यावर टोकाजवळ जाडी अचानक बदलली किंवा रंग फिका झाला, तर चोच तेथेच संपली असे समजावे. डिजिटल झूमने फार ओढलेल्या फोटोत फोन स्वतःहून कडा ठळक करतो, आणि काळ्या चोचीभोवती एक पांढरी किनार तयार होते. ती किनार मापात धरू नये.

एक उदाहरण

फोंड्याला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या परिचित काकूंच्या बाल्कनीच्या ग्रिलवर असाच एक नर येत असे. नोव्हेंबरमधील सकाळचे तीन फोटो त्यांनी दाखवले आणि प्रत्येकावर त्यांना वेगळे नाव मिळाले होते.

पहिल्या फोटोत पक्षी ग्रिलच्या गजावर बसला होता आणि मागे उजळ आकाश होते, त्यामुळे तो नुसती काळी आकृती होता. रंगावरून त्याला जांभळा म्हटले गेले. दुसऱ्यात तो फुलाशेजारी कॅमेऱ्याकडे तोंड करून होता आणि फुलटोच्या ठरला. तिसऱ्यात त्याने मान पूर्ण आडवी वळवली होती, एकच डोळा दिसत होता आणि चोचीचे मूळ व टोक दोन्ही सारखेच स्पष्ट होते. तिसरा फोटो मापासाठी योग्य, हे त्या शेवटच्या दोन खुणांवरून ठरते: एक डोळा, आणि चोचीच्या दोन्ही टोकांची सारखी स्पष्टता. टोक धूसर आणि मूळ स्पष्ट असेल, तर चोच तिरकी आहे.

तिसरा फोटो पडद्यावर मोठा केल्यावर चोच 52 मिमी आणि डोके 30 मिमी भरले. प्रमाण 1.73 आले, म्हणजे दीडपटीच्या बरेच पुढे. पक्षी गजावरच बसलेला असल्यामुळे खरी लांबी काढण्याचीही सोय होती. काकूंनी गजाची रुंदी मोजली, ती 12 मिमी होती; पडद्यावर त्याच गजाचा, पायांच्या अगदी खालचा भाग 24 मिमी दिसत होता. म्हणजे पडद्यावरचे चित्र प्रत्यक्षाच्या दुप्पट होते आणि खरी चोच 26 मिमी निघाली. जांभळ्या सूर्यपक्ष्याची चोच सुमारे 2 सेंमी असते, तेव्हा ही लांबी त्याच्यात बसत नाही. पुस्तकांतील मापे बरेचदा कवटीपासून, म्हणजे पिसांखाली झाकलेला भाग धरून घेतलेली असतात, त्यामुळे फोटोवरचे माप त्यांपेक्षा थोडे कमीच येणार, हेही ध्यानात घ्यावे.

परंतु पहिल्या फोटोवरून त्याच गजाच्या आधाराने काढलेले माप 18 मिमी आले होते, आणि त्यामुळे जांभळ्याच्या बाजूने कौल पडला होता. पहिल्या फोटोतही मान आडवीच होती. मग ही तफावत कोठून आली? गज चौकोनी होता. फोटो बाल्कनीच्या कोपऱ्यातून, गजाच्या कोनाच्या रोखाने काढला होता, आणि चौकोनी गज कोनावर पाहिला की त्याची दिसणारी रुंदी 12 मिमी राहत नाही, कर्णाएवढी म्हणजे सुमारे 17 मिमी होते. तरीही ती 12 धरली गेल्यामुळे पक्ष्याचे सगळेच माप त्या प्रमाणात घटले: 26 ला 12 ने गुणून 17 ने भागले, तर 18 च्या आसपासच उत्तर येते. त्याच पहिल्या फोटोत चोच आणि डोके यांचे प्रमाण मात्र 1.7 च होते, कारण त्या हिशेबात गजाचा संबंधच येत नाही. म्हणून प्रमाण आणि लांबी यांत विसंगती आली, तर प्रमाणावर विश्वास ठेवावा आणि मोजपट्टी म्हणून वापरलेल्या वस्तूत चूक शोधावी. गोल गज असेल, तर ही अडचण येत नाही. पक्षी गजाच्या मागे असलेल्या फांदीवर बसला असेल, तर मात्र गज कोणताही असो, तो मापाला वापरूच नये.

शेवटी पहिल्या फोटोचे एक्स्पोजर वाढवले, तेव्हा छातीखाली सीमा दिसली आणि तिच्याखालचे पोट तपकिरी निघाले. चोचीचे प्रमाण, चोचीची लांबी आणि पोटाचा रंग ही तिन्ही लक्षणे एकाच दिशेने गेल्यावर पक्षी लोटेनचा नर म्हणून नोंदवला गेला. नोव्हेंबरमध्ये तो पूर्ण गडद पिसाऱ्यात होता, हीदेखील त्याच बाजूची खूण आहे, पण सर्व जांभळे नर एकाच वेळी पिसारा बदलत नसल्यामुळे तिला मी पुराव्यात दुय्यम स्थान देतो.

जेथे ही पद्धत अपुरी पडते

मादीच्या बाबतीत काम अधिक अवघड आहे. लोटेनच्या मादीची चोच नराच्या चोचीपेक्षा आखूड असते, जरी ती जांभळ्या मादीच्या चोचीपेक्षा लांबच राहते, त्यामुळे नरासाठी धरलेली दीडपटीची रेषा तिला तंतोतंत लावता येत नाही. दोन्ही माद्या वरून मातकट-हिरवट आणि खालून पिवळसर असतात. प्रमाण 1.2 च्या आसपास असेल, तर जांभळी मादी म्हणण्यास हरकत नाही, 1.6 च्या पुढे असेल, तर लोटेनची. आणि या दोहोंमध्ये असेल, तर आणखी फोटो मिळेपर्यंत निर्णय थांबवावा. आपल्याकडे बागांत सर्रास दिसणारी आणखी एक मादी, जांभळ्या पुठ्ठ्याच्या सूर्यपक्ष्याची, मध्येच येऊन घोळ वाढवते, परंतु तिचा गळा पांढुरका, पोट पिवळे आणि पंखांवर तांबूस छटा असते. गळा आणि छाती यांतील हा रंगबदल फोटोत दिसला की ती लगेच बाजूला काढता येते.

दुसरी मर्यादा नुकत्याच घरट्याबाहेर पडलेल्या पिल्लांची. त्यांची चोच पूर्ण वाढलेली नसते, त्यामुळे लोटेनचे पिल्लू प्रमाणावरून जांभळ्यासारखे भासू शकते. चोचीच्या मुळाशी, जबड्याच्या कोपऱ्यात मऊ पिवळसर कातडी दिसली, तर पक्षी पिल्लू आहे असे समजून मापच घेऊ नये. आसपास त्याला भरवणारा प्रौढ पक्षी आहे का ते पाहावे आणि त्याचा फोटो घ्यावा.

सत्तरी, धारबांदोडा, सांगे अशा दाट झाडीच्या तालुक्यांत, विशेषतः केळीच्या बागेला लागून घर असेल, तर प्रमाण दीडपटीच्या फार पुढे गेल्यावर लगेच लोटेन म्हणू नये. केळफुलावर येणाऱ्या लिटल स्पायडरहंटरची चोच डोक्याच्या मानाने त्याहूनही लांब आणि जाड असते. त्याचा गळा फिका आणि पोट पिवळे असते आणि तो कोठेही काळा नसतो, एवढ्यावरून तो वेगळा काढता येतो. पण काळ्या आकृतीच्या फोटोत हा आधार उरत नाही आणि तेथे एक्स्पोजर वाढवून पोट पाहण्याला पर्याय नसतो.

नोंद करताना नावाबरोबर माप कोणत्या फोटोवरून घेतले, प्रमाण किती आले आणि पोटाचा रंग दिसला की नाही, हेही लिहावे. जेथे नर की मादी, प्रौढ की पिल्लू यातले काहीच ठरत नसेल, तेथे «सूर्यपक्षी, जाती अनिश्चित, चोच डोक्याच्या सुमारे 1.4 पट» अशी नोंद अंदाजाने लिहिलेल्या नावापेक्षा अधिक उपयोगाची असते, कारण पुढे त्याच पक्ष्याचा आडव्या मानेचा एखादा फोटो मिळाला, तर ती नोंद पुरी करता येते.